मदत हवी आहे: उत्कलनांकाच्या क्रमात मॅग्नेशियम सल्फेट कुठे बसवायचं?

नमस्कार मंडळी. पुतणी बारावीला आहे, तिच्या एका प्रश्नावर मी अडकलोय. साखर, मीठ आणि सोडियम सल्फेट यांची ०.१ मोलल द्रावणं, उत्कलनांकाचा चढता क्रम लावा. इथवर ठीक होतं. साखरेचा रेणू फुटत नाही, म्हणून १ कण. मिठाचे २ आयन. सोडियम सल्फेटचे ३, म्हणजे दोन सोडियम आणि एक सल्फेट. सल्फेट पुढे फुटत नाही. पाण्याचा स्थिरांक ०.५२ धरला, तर वाढ अनुक्रमे ०.०५२, ०.१०४ आणि ०.१५६ अंश. (आपल्या पुण्यात पाणी ९८ च्या आसपासच उकळतं, पण क्रम तोच.)

पुढच्या प्रश्नात मात्र मॅग्नेशियम सल्फेट आहे. कण २, म्हणून उत्तरसूचीत ‘मिठाइतकाच’. पण त्याचे दुप्पट भाराचे आयन एकमेकांना धरून जोड्या करतात ना? ०.०५ मोललला कणसंख्येचा मोजलेला गुणक २ नाही, जेमतेम १.३ भरतो, मिठाचा १.९. मग ते मिठाच्या खाली नको का?

परीक्षेत ‘पूर्ण विघटन’ असं लिहिलेलं नसेल तर तिने काय लिहावं? शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा.