‘ड्रिफ्ट’ला मराठीत काय म्हणावं: माल बदलला की ठोकताळा मोडला?

प्रश्न (लातूर): सोयाबीन घेणाऱ्या एका कारखान्यात मी मॉडेल सांभाळते. फाटकावर ओलावा, माती-काडी आणि डागी दाणे मोजले की लॉट प्रयोगशाळेत पास होईल का, हे ते सांगतं. आता आडत्यांसाठी मराठीत टिपण लिहायचंय आणि ‘डेटा ड्रिफ्ट’, ‘कन्सेप्ट ड्रिफ्ट’पाशी अडलेय. दोन्हीला ‘विचलन’ चालेल का?

परभणीचे सर: नको. संख्याशास्त्रात प्रमाण विचलन रुळलेलं आहे, वाचणारा तिकडंच जाईल. भूगोलात भूखंडवहन म्हणतात, तसं ‘विदावहन’ करता येईल. पण ताई, दोन्ही गोष्टींना एकच क्रियापद लावू नका.

नांदेडचा इंजिनिअर: शब्द कोणताही घ्या, अर्थ एकच: येणारा डेटा बदलला की मॉडेल रीट्रेन करायचं. येणाऱ्या आकड्यांची वाटणी जुन्यापेक्षा किती बदलली हे सांगणारा पीएसआय 0.25 च्या वर गेला की आमच्याकडं रात्रीत आपोआप होतं.

लातूर: दादा, आम्हीही हेच केलं आणि तोंडघशी पडलो. ऑक्टोबरात काढणीवर पाऊस झाला. आधी शंभरातले 70 लॉट 12 टक्क्यांच्या आतल्या ओलाव्याचे असायचे, 20 लॉट 12 ते 14 मधले, 10 त्यावरचे. ते झाले 40, 30, 30. पीएसआय निघाला 0.43. घाबरून फक्त त्या तीन आठवड्यांच्या ओल्या मालावर मॉडेल पुन्हा शिकवलं. डिसेंबरात कोरडा माल आला, तर चांगल्या गाड्याही परत पाठवायला लागलं.

परभणीचे सर: कारण आकड्यांवरून निकाल ओळखायचा ठोकताळा मोडलाच नव्हता, माल बदलला होता. हा तुमचा ‘डेटा ड्रिफ्ट’. 12 ते 14 मधले लॉट वेगळे काढून बघा: आधी किती पास व्हायचे, ऑक्टोबरात किती झाले?

लातूर: आधी शंभरात 80, ऑक्टोबरात 79.

परभणीचे सर: शंभर लॉटमध्ये सात-आठचा फरक नुसत्या योगायोगानंही पडतो, तेव्हा 79 म्हणजे काहीच घडलं नाही. 14 च्या वरचा माल मॉडेलनं पूर्वी कमी पाहिला होता, तेवढ्या पट्ट्यात ते चाचपडत असणार. तिथले नवे लॉट जुन्या डेटात मिसळून शिकवायचं, जुना डेटा फेकायचा नाही.

उदगीरचे आडते काका: ओलाव्याचं म्हणलात म्हणून सांगतो. एका ठिकाणी यंत्र नेहमी एक टक्का जास्तच दाखवतंय. एकच पोतं, दोन यंत्रं, दोन आकडे. शेतकऱ्यानं जावं कुठं? ह्याला कोणता शब्द आहे तुमच्याकडं?

नांदेडचा इंजिनिअर: काका, विषय वेगळा आहे.

परभणीचे सर: नाही हो, काकांचा मुद्दा ह्याच्यात बसतो. काटा सरकला तरी पीएसआय चढतो, आणि माल तर तोच असतो. अशा वेळी रीट्रेन केलं तर यंत्राची चूक मॉडेलमध्ये मुरते. आधी तेच पोतं दुसऱ्या यंत्रावर मोजून बघायचं.

लातूर: मग फेब्रुवारीत उलटंच झालं. पीएसआय 0.04, पडदा सगळा हिरवा. पण 12 ते 14 मधले 80 ऐवजी 52 च लॉट पास झाले. चौकशी केली तर आमच्या खरेदी विभागानं ओलाव्याची अट खाली आणली होती. आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. प्रयोगशाळेचा निकाल चार दिवसांनी येतो, त्यामुळं कळायलाही उशीर झाला.

परभणीचे सर: हा ठोकताळा मोडणं, म्हणजे ‘कन्सेप्ट ड्रिफ्ट’. माल तोच, उत्तर बदललं. आत येणाऱ्या आकड्यांवर कितीही पहारा ठेवा, हे तिथं दिसत नाही. निकालाशीच ताडून बघावं लागतं. प्रयोगशाळेतले मूळ आकडे ठेवलेत, का नुसतं पास-नापास?

लातूर: मूळ आकडे आहेत.

परभणीचे सर: मग महिनाभर थांबायचं कारण नाही. जुन्या लॉटना नवी अट लावून पास-नापास पुन्हा काढा आणि त्यावर शिकवा. नुसतं पास-नापास असतं, तर नवे निकाल साठेपर्यंत बसावं लागलं असतं.

नांदेडचा इंजिनिअर: हे पटलं. पण निकाल यायला सहा महिने लागतात, तिथं काय करणार? आमचं कर्जाचं काम आहे, हप्ता बुडाला की नाही हे लवकर कळतच नाही. आम्हाला पीएसआयवरच चालावं लागतं.

परभणीचे सर: चाला, पण त्याला घंटा समजा. घंटा वाजली की माणसानं उठून बघायचं. रात्रीत आपोआप काही करायचं नाही.

उदगीरचे आडते काका: ‘माल बदलला’, ‘ठोकताळा मोडला’, ‘काटा सरकला’. हे आमच्या माणसाला लगेच कळतंय बगा. ‘विदावहन’ म्हणलं तर इचारतील, कोणतं वाहन?

लातूर: टिपणात हेच तीन घेते. सर, ‘मोडला’ जरा जास्त होतं का? अट हळूहळू बदलली तर ‘ढळला’ म्हणावं वाटतं.

परभणीचे सर: एका दिवसात झालं तर मोडला, हंगामभर चाललं तर ढळला. दोन्ही ठेवा.

उदगीरचे आडते काका: आन् मॉडेलनं फाटकावरनंच परत लावलेल्या गाड्या? त्या तर प्रयोगशाळेत जातच न्हाईत. तिथं मॉडेल चुकलं, हे कळणार कसं?

लातूर: काका, हे आमच्याकडं कुणी मोजलेलंच नाही. दर वीस परत गाड्यांमागं एक चिठ्ठी टाकून आत घ्यावी असं सुचवलंय. तिचे पैसे कोण देणार, यावर खरेदी विभाग अडून बसलाय.