३४ ग्रॅमचे वेफर्स, ७५ ग्रॅमचा धूर: हा आकडा पाकिटावर असावा का?

ताळेबंद: २००७ साली ब्रिटनमध्ये वॉकर्स कंपनीने साडेचौतीस ग्रॅमच्या वेफर्सच्या पाकिटावर ‘७५ ग्रॅम कार्बन’ असा शिक्का छापला होता. असा आकडा नेमका कसा काढतात, आणि आपल्याकडे खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर तो सक्तीचा करावा का? माझे मत ‘करावा’ असे आहे. विरोधी मते कारणांसह मांडावीत.

मीठमसाला: पहिली शंका अशी की, साडेचौतीस ग्रॅमच्या पाकिटातून ७५ ग्रॅम कार्बन निघेलच कसा? बटाटा पूर्ण जाळून त्याची राख केली तरी एवढे वजन भरणार नाही. छपाईचीच चूक असावी.

उष्मांक: छपाईची चूक नाही. हे वजन पाकिटातल्या मालाचे नसून तो माल तयार होऊन तुमच्या हाती पडेपर्यंत, आणि पुढे रिकामे पाकीट कचऱ्यात जाईपर्यंत, हवेत गेलेल्या वायूंचे आहे. शिवाय बारा ग्रॅम कार्बन जळतो तेव्हा हवेतला बत्तीस ग्रॅम ऑक्सिजन त्याला जोडला जाऊन चव्वेचाळीस ग्रॅम वायू होतो, त्यामुळे इंधनापेक्षा धूर जड भरतो.

आता हिशोबाकडे वळू. वॉकर्सच्या आकड्यात निम्म्याच्या थोडा खाली वाटा शेतातून येणाऱ्या कच्च्या मालाचा होता आणि तीस टक्क्यांच्या आसपास कारखान्याचा. कारखान्याचा वाटा घरी बसून पडताळता येतो. अशा पाकिटात साधारण एक तृतीयांश तेल असते. मीठ-मसाला वजा केल्यावर बटाट्याचा सुका भाग सुमारे २२ ग्रॅम उरतो. बटाट्यात सुका भाग वीस टक्के असेल, तर ११० ग्रॅम सोललेला बटाटा लागला आणि त्यातले ८८ ग्रॅम पाणी कढईत उडवावे लागले. ते तापवून वाफ करायला दर ग्रॅमला सुमारे २.६ किलोज्यूल उष्णता लागते. यंत्रणेची कार्यक्षमता पंचाहत्तर टक्के धरली, तर जवळपास ३०५ किलोज्यूल इंधन जाळावे लागते. नैसर्गिक वायूचा एक मेगाज्यूल ५६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे नुसत्या तळणीचे सतरा ग्रॅम झाले. गिरणीतल्या वजनकाट्याइतका हा हिशोब सरळ आहे.

पठारावरचा: आम्ही सातगाव पठारावर वेफर्सचा बटाटा करतो. त्या वॉकर्सच्या प्रकरणात शेतकऱ्यांनी बटाट्यात पाणी राखले, असे सांगितले जाते, ते मला पटत नाही. आमच्याकडे कंपनीच्या फाटकावरच नमुना पाण्यात तोलून सुका भाग बघतात आणि कमी निघाला तर गाडी परत पाठवतात. पाणी राखून आम्हाला काय मिळणार?

उष्मांक: तुमचा व्यवहार वेगळा आहे आणि मुद्दा नेमका तोच आहे. तिथे तेव्हा पैसे निव्वळ वजनावर मिळत होते, म्हणून बटाटा सुकून वजन घटू नये यासाठी शेतकरी गोदामातली हवा दमट ठेवत. त्यासाठी वीज जाई आणि तेच पाणी कारखान्यात पुन्हा इंधन जाळून उडवले जाई. दोष शेतकऱ्याचा नव्हता, दर ठरवण्याच्या पद्धतीचा होता, आणि हिशोब मांडायला बसल्यावरच तो कागदावर दिसला. सुका भाग वीसऐवजी बावीस टक्के असेल तर बटाटा १०० ग्रॅम पुरतो, ७८ ग्रॅम पाणी उडवावे लागते, आणि सतराचे पंधरा ग्रॅम होतात.

ताळेबंद: म्हणजे शिक्क्यामुळे सुधारणा झाली. मग सक्तीला हरकत काय?

शंकेखोर: हरकत अशी की सुधारणा हिशोबामुळे झाली, शिक्क्यामुळे नव्हे. टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीने २००७ मध्ये आपल्या सगळ्या मालावर असे आकडे छापण्याचा मनोदय जाहीर केला होता. २०१२ पर्यंत काहीशे वस्तूंवर काम करून तो सोडून दिला, कारण एकेका वस्तूमागे कित्येक महिने जात होते आणि इतर दुकानदार सोबत आले नाहीत.

दुसरी हरकत मोठी आहे. शेतात नत्रखत टाकले की त्यातले काही नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडते. ढोबळ हिशोबात ते एक टक्का धरतात, आणि या वायूची उष्णता धरून ठेवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट मानली, तर एक किलो नत्रामागे ४.३ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो. परंतु हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेतच या एक टक्क्याची मर्यादा ०.३ ते ३ टक्के दिली आहे. एका टन बटाट्यामागे चार किलो नत्र धरले, तर तुमच्या ११० ग्रॅम बटाट्याचे सुमारे दोन ग्रॅम येतात, पण ते अर्धा ग्रॅमही असू शकतात आणि साडेपाचही. उष्मांकांनी वाचवलेले दोन ग्रॅम या एकाच अनिश्चिततेत बुडून जातात. मग ७५ आणि ७३ यांतला फरक छापण्यात काय अर्थ आहे?

उष्मांक: इथे मी पूर्ण सहमत नाही. त्याच कारखान्याचा यंदाचा आणि गेल्या वर्षीचा आकडा ताडून पाहताना तो अनिश्चित गुणक दोन्हीकडे तोच असतो, त्यामुळे वजाबाकीत बऱ्याच अंशी निघून जातो आणि पाणी कमी उडवल्याचा फरक खराच उरतो. अडचण दोन वेगवेगळ्या कंपन्यांची पाकिटे शेजारी ठेवल्यावर येते, कारण त्यांनी वेगळी माहिती आणि वेगळी गृहीतके वापरलेली असतात.

शंकेखोर: ग्राहक दुकानात नेमके तेच करणार. तो गेल्या वर्षीचे पाकीट बरोबर घेऊन येत नाही.

दर्याकाठ: मला वाटते हा वाद निरर्थक आहे. खरा खर्च वाहतुकीचा असतो. जवळचा माल घ्या, आकड्यांची गरजच नाही.

उष्मांक: विमानाने आलेल्या मालाबाबत तुमचे म्हणणे खरे आहे. वेफर्सच्या बाबतीत मात्र कच्चा माल आणि तळणी यांच्या मानाने वाहतूक पुष्कळ मागे आहे. जवळच्या कारखान्यात कोळशाची भट्टी असेल तर तळणीचे सतरा ग्रॅम अठ्ठावीस-एकोणतीसवर जातात.

नाशिकचा कारखानदार: विषयांतर वाटेल, पण माझी अडचण इथेच आहे. आम्ही भुशाच्या कांड्या जाळून वेफर्स तळतो. सल्लागाराने इंधनाचा धूर शून्य धरून कागद केला, कारण झाडाने तो कार्बन आधी हवेतूनच घेतला होता. परदेशी खरेदीदाराने तो परत पाठवला आणि धूर वेगळ्या रकान्यात दाखवायला सांगितले. आता दोन्ही बेरजा माझ्याकडे आहेत आणि दोघेही आपलेच बरोबर म्हणतात.

शंकेखोर: खरेदीदाराची मागणी रास्त आहे. वस्तूंच्या कार्बन हिशोबाचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १४०६७ यानुसार जैविक कार्बन वेगळा नोंदवावाच लागतो, आणि कांड्या बनवण्याची वीज व त्या वाहून आणण्याचे डिझेल तर शून्य कधीच नसते. सल्लागाराने ते धरले होते का?

नाशिकचा कारखानदार: डिझेल धरले आहे. विजेचे बिल कांड्या बनवणाऱ्याकडे आहे आणि तो द्यायला तयार नाही.

ताळेबंद: मग आकडा सक्तीचा केल्याशिवाय तो ते देईलच कशाला?