रेफरल हवंय: बॅकएंड इंजिनिअर, न्यू जर्सी

निखिल:
नमस्कार मंडळी, ले-ऑफमध्ये माझी नोकरी गेली. बॅकएंडचा नऊ वर्षांचा अनुभव आहे. जावा, काफ्का, पोस्टग्रेस येतं. एच-१बी व्हिसावर आहे. कुठेही ओपनिंग असेल तर कृपया रेफर करा. चार पानी रेझ्युमे जोडलाय.

मीनल:
निखिल, 'कुठेही' म्हटलं की कुणाच्याच हातून काही होत नाही. पोर्टलवर मला नेमका जॉब आयडी टाकावा लागतो, तो तूच शोधून दे. आमच्याकडे आणखी एक गोम आहे. तू आधीच अर्ज केला असलास तर माझं रेफरल त्याला लागत नाही. म्हणून आधी मला विचार, मग अर्ज कर. फॉर्ममध्ये 'उमेदवाराला कसे ओळखता' असा रकाना असतो. तिथे मी 'कॉलेजचा ज्युनिअर, एकत्र काम केलेलं नाही' एवढंच लिहीन, खोटं नाही. म्हणून कामाबद्दल तीन ओळी तूच दे, म्हणजे त्या खाली चिकटवता येतील. रेझ्युमे एका पानात आण. पहिल्या नोकरीतल्या टेस्टिंगला अर्धं पान कशाला?

सुधीरकाका:
घाबरू नकोस रे. सेव्हरन्स मिळतोय ना? तो संपला की मग व्हिसावर नवी नोकरी शोधायचे ६० दिवस सुरू होतात. आमच्या शेजारच्या मुलाचं तसंच झालं.

मीनल:
काका, तो मुलगा बहुधा नोटीसच्या काळात पगारावरच असेल. सेव्हरन्स नोकरी संपल्यावरचा, तो धरत नाहीत. दिवस मोजायचे ते शेवटच्या पगारी दिवसापासून. आणि तेवढ्यात नव्या कंपनीचं पिटिशन दाखल व्हावं लागतं, नुसतं ऑफर लेटर पुरत नाही. त्याआधी कामगार खात्याकडच्या एलसीए अर्जालाच साधारण सात कामाचे दिवस जातात. निखिल, तुझं पत्र वकिलाला दाखव.

वर्षा:
माझ्या भाच्यालाही समर इंटर्नशिप हवी आहे, मीनल तुझ्याकडे पाठवू का?

निखिल:
मीनलताई, आता असं लिहिलंय:

पद: सीनिअर बॅकएंड इंजिनिअर. जर्सी सिटी, एडिसन किंवा रिमोट.
काम: पेमेंट सेटलमेंटची रात्रीची बॅच काफ्कावर आणली. साडेपाच तासांचं काम ४० मिनिटांत होऊ लागलं. चौघांची टीम सांभाळली, ऑन-कॉलही केलं.
व्हिसा: एच-१बी ट्रान्सफर, पुन्हा लॉटरी लागत नाही. शेवटचा पगारी दिवस १० मे, म्हणजे पिटिशन ९ जुलैच्या आत.

तुमच्याकडचे दोन आयडी वेगळ्या मेलने पाठवलेत. पण त्यातल्या एकाला मागच्याच आठवड्यात अर्ज करून बसलोय. तो मागे घेऊन रेफरल होईल का?

मीनल:
आमच्या पोर्टलवर नाही होत. रिक्रूटरला तुझं नाव कळवते, पण ते वाचतील की नाही, सांगता येत नाही. दुसऱ्या आयडीला मात्र हात लावू नकोस, आज रात्री मी टाकते. वर्षा, इंटर्नशिपचं वेगळ्या मेलवर बोलू.