साडेतेरा लाखांहून जास्त ओळींची फाइल: नमुना पाहून अहवाल द्यावा का?

निखिल (दवा बाजार, इंदूर):
औषधांचा ठोक व्यापार आहे. दोन वर्षांच्या बिलांची सीएसव्ही फाइल हातात आली आहे, १३ लाख ७० हजारांच्या आसपास ओळी. सेठना दोन पानांत हवंय की माल परत कुठून येतो आणि का येतो. मुनीमजी म्हणतात, वरच्या हजार ओळी बघ, अंदाज येतो. बहीण म्हणते, सगळी फाइल वाचल्याशिवाय एक शब्द लिहू नकोस. कोणाचं ऐकू?

मंदार:
मुनीमजींचं ऐक. शितावरून भाताची परीक्षा. निवडणुकीचे अंदाजसुद्धा काही हजार लोकांना विचारूनच बांधतात, मग तुला हजार ओळी कमी कशा पडतील? नमुना किती मोठा हवा ते फाइल केवढी आहे त्यावर फारसं ठरत नाही. तेरा लाख असो की तेरा कोटी, चारशे ओळी पुरतात.

वसुधा गो.:
मंदार, शेवटचं वाक्य खरं आहे, पण शीत भात हलवल्यावर काढतात. बिलांची फाइल तारखेने लागलेली असते. दोन वर्षांत कामाचे दिवस सहाशेच्या आसपास धरले, तर दिवसाला सव्वादोन हजारांहून जास्त ओळी झाल्या. म्हणजे वरच्या हजार ओळींत पहिल्या दिवसाची दुपारही होत नाही. निखिल, परतीची बिलं तुमच्याकडे कधी कापतात?

निखिल:
संध्याकाळी, गाड्या रूटवरून परत आल्यावर.

वसुधा गो.:
मग मुनीमजींच्या हजार ओळींत परतीचं एकही बिल नसणार आणि तुम्ही लिहाल, माल परत येतच नाही.

प्रशांत महूकर:
भिया, एक्सेल हँग होतंय ना? रॅम ३२ करा आणि ६४ बिटचं ऑफिस टाका. आमच्या ऑफिसात तेवढ्याने काम झालं.

वसुधा गो.:
प्रशांत, हँग झालं असतं तर परवडलं असतं. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळीच बसतात, रॅम कितीही घाला. त्याहून मोठी सीएसव्ही डबल क्लिकने उघडली की फाइल पूर्ण आली नाही असा एक निरोप येतो, आपण ओके दाबतो आणि शेवटच्या तीन लाखांवर ओळी दिसेनाशा होतात. त्यावर कोणी सेव्ह केलं तर त्या फाइलमधूनही गेल्या. आणि त्या नेमक्या सर्वांत ताज्या महिन्यांच्या असतात.

डबल क्लिकचा आणखी एक त्रास औषधवाल्यांना जास्त होतो. बॅच नंबर `12E05` असेल तर एक्सेल त्याला संख्या समजून `1.20E+06` करतं आणि `0472` चं 472 करतं. नंतर बॅच जुळवायला गेलात की काहीच जुळत नाही. म्हणून मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा आणि आधी नुसत्या ओळी मोजा. कमांड प्रॉम्प्टमध्ये:

```
find /c /v "" bills.csv
```

हा आकडा कागदावर लिहा. पुढे प्रत्येक पायरीला तो जुळला पाहिजे. शीर्षकाची एक ओळ जास्त येईल. शेऱ्याच्या रकान्यात कोणी एंटर मारलेला असेल तर त्याहूनही थोड्या जास्त येतील, तेवढं लक्षात ठेवा.

सुहास काका (निवृत्त, बँक):
मी निखिलच्या बहिणीच्या बाजूचा. नमुन्यात चूक सापडली नाही म्हणजे चूक नाही, असं आम्हाला कोणी शिकवलं नाही. २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात जुन्या एक्सएलएस फाइलची ६५,५३६ ओळींची मर्यादा भरली आणि कोविडच्या जवळजवळ सोळा हजार रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत. वरून नमुना काढला असता तर सगळं ठीकच दिसलं असतं. वाचायचं तर सगळं वाचा, नाहीतर सही करू नका.

वसुधा गो.:
काका, चुकीबद्दलचं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. तीनशे ओळी नीट चिठ्ठ्या टाकून काढल्या आणि एकही चूक निघाली नाही, तरी खात्रीने एवढंच म्हणता येतं की चुका शंभरात एकापेक्षा जास्त नसाव्यात. तेरा लाखांत शंभराला एक म्हणजे तेरा हजारांवर ओळी. विरळा चूक शोधायला नमुना निरुपयोगीच.

पण सगळं वाचणं म्हणजे डोळ्यांनी वाचणं असेल तर तेही जमणार नाही, माणूस पाचशेव्या ओळीला पेंगतो. सगळ्या ओळींवरून मशीनने जायचं: प्रत्येक रकान्यात रिकामे किती, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत कोणती, वेगवेगळी नावं किती, एकच बिल नंबर दोनदा कुठे. हा गोषवारा पूर्ण फाइलचाच हवा. नमुना हवा तो गोषवाऱ्याला जे कळत नाही तेवढ्यापुरता.

मंदार:
त्यासाठी पॉवर क्वेरी आहे की. `Data` मधून `From Text/CSV`, मग `Transform Data`. `View` मध्ये `Column quality` वर टिक केलं की प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर बरोबर किती, एरर किती, रिकामे किती ते टक्क्यांत दिसतं. दोन मिनिटांचं काम.

निखिल:
केलं. सगळीकडे एरर ०%, रिकामे ०%. फाइल स्वच्छ आहे म्हणायची?

वसुधा गो.:
खिडकीच्या अगदी खाली बघा, `Column profiling based on top 1000 rows` असं लिहिलेलं असेल. म्हणजे मुनीमजीच तिथेही बसलेत. त्यावर क्लिक करून `entire data set` निवडा, थोडा वेळ लागेल.

निखिल:
बिल नंबरच्या रकान्यात आता ३% एरर दिसतायत! आधी एकही नव्हती.

मंदार:
`Remove Errors` मार. तीन टक्क्यांनी काय फरक पडतो, ९७ तर राहतात.

वसुधा गो.:
निखिल, थांबा, ते मारू नका. फाइल आत घेताना रकान्यांचे प्रकार पहिल्या २०० ओळींवरून ठरतात, तिथे `Based on first 200 rows` असं लिहिलेलंच असतं. सकाळची विक्रीची बिलं नुसत्या आकड्यांची, म्हणून रकाना संख्येचा ठरला. परतीच्या बिलांचा नंबर कसा असतो?

निखिल:
`SR/1204` असा.

वसुधा गो.:
म्हणजे एरर आलेल्या ओळी हीच तुमची परत. त्या काढून टाकल्या असत्या तर सेठनी विचारलेलं सगळं गेलं असतं आणि उरलेली फाइल दिसायला छान स्वच्छ राहिली असती. बिल नंबर, बॅच, पार्टी कोड हे सगळे रकाने `Text` करा. बेरीज ज्याची करायची नाही, तो रकाना संख्येचा ठेवायचं कारण नाही.

मंदार:
बरं, हे मला माहीत नव्हतं. पण मग चारशे ओळींचं काय? गोषवाऱ्यातच सगळं कळत असेल तर नमुना कशाला?

अनघा (टिळक नगर):
आमच्या वाचनालयाच्या नोंदींचं असंच झालं म्हणून सांगते. तपासणीला एका कार्यकर्त्याने दर विसावी ओळ घेतली. मूळ रजिस्टरच्या पानावर ओळी वीसच होत्या, त्यामुळे प्रत्येक वेळी पानातली शेवटची, कोपऱ्यात कोंबून लिहिलेली नोंद आली. निष्कर्ष असा निघाला की आमचं अर्धं रजिस्टर वाचता येत नाही! बाकी निखिल, तुमच्या फाइलमध्ये पुस्तकांसारखे लेखकाच्या नावाचे घोळ असतील का हो?

निखिल:
लेखक नाहीत ताई, पण शेऱ्यांचा घोळ तसाच आहे. परत का आली ते क्लार्क हाताने टाइप करतो: `exp`, `एक्सपायरी`, `डेट गेली`, `brk`, `लीक`, `गलत माल`. हजारो प्रकार निघालेत.

वसुधा गो.:
मंदार, हेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर. माल कुठून परत येतो ते पूर्ण फाइलवरून काढायचं, तिथे नमुन्याचं काम नाही. `Load To` मध्ये `Only Create Connection` आणि `Data Model` ची टिक, मग पिव्होट. ओळी शीटवर येतच नाहीत, त्यामुळे मर्यादेचा प्रश्न राहत नाही. का परत येतो हे मात्र माणसाने शेरा वाचल्याशिवाय कळत नाही, आणि सगळे शेरे वाचणं शक्य नाही. नमुना इथे काढायचा.

पण पूर्ण फाइलमधून चारशे काढले तर परतीच्या ओळी त्यात तीन टक्के, म्हणजे बाराच येतील, बारांवरून काय बोलणार? आधी `SR/` च्या ओळी गाळून घ्या. त्या चाळीस हजारांच्या घरात असतील, शीटवर आरामात बसतील. बाजूच्या रकान्यात `=RAND()` खालपर्यंत ओढा, लगेच कॉपी करून `Paste Values` करा, मग त्या रकान्याने सॉर्ट करून वरच्या चारशे घ्या. `Paste Values` विसरलात तर प्रत्येक एंटरला आकडे बदलतील आणि कोणते चारशे वाचले ते पुन्हा दाखवता येणार नाही.

निखिल:
दोन रात्री बसून झालं. परतीच्या ओळी ४१ हजारांवर. चारशे शेऱ्यांत एक्सपायरी २३६, फूट किंवा गळती ७१, चुकीचा माल ५८, आणि ३५ मध्ये शेरा रिकामा किंवा न कळणारा. पिव्होटमध्ये रकमेने सर्वांत जास्त परत शहरातून दिसते, पण रूटच्या विक्रीशी भागाकार केला तर धार रूट ७% आणि शहर २%. सेठ आजपर्यंत शहरवाल्यांनाच बोलत होते.

मंदार:
मस्त. ते ३५ बाकीच्या तिघांत प्रमाणात वाटून टाक, तक्ता सुटसुटीत होईल.

सुहास काका:
अजिबात नाही. एक्सपायरीचा शेरा लिहायला सोपा आहे. गडबडीचा माल असेल तिथेच क्लार्क रकाना रिकामा सोडतो. ते ३५ वेगळेच दाखवा.

मंदार:
काका, हे तुम्ही ठरवून टाकलंत. कंटाळा आला म्हणूनही रिकामा सोडत असेल.

वसुधा गो.:
दोन्ही शक्य आहे, आणि शेऱ्यांवरून ते सुटणार नाही. त्या ३५ बिलांचे कागद कपाटात असतील तर काढून बघा, तेवढे बघणं जमण्यासारखं आहे. तोवर वेगळे ठेवा. आणि एक्सपायरीचे ५९ टक्के लिहिताना इकडेतिकडे पाचची सूट धरा. शिवाय हे ओळींचे टक्के आहेत, रुपयांचे नाहीत. गळतीची एक ओळ म्हणजे एक बाटली असेल, एक्सपायरीची एक ओळ म्हणजे अख्खी पेटी.

सुहास काका:
सेठना इकडेतिकडे पाच वगैरे सांगू नका, ते म्हणतील काम अर्धवट केलं.

निखिल:
मी असं लिहितोय: "दर दहा परतींत साधारण सहा एक्सपायरीच्या, हे ४०० शेरे वाचून, रूटचे आकडे सर्व बिलांवरून." ती चारशेची शीट मागे जोडतोय. धार रूटचे शेरे चारशेत फक्त ६४ आलेत, तिथलं कारण वेगळं सांगायला ते पुरतील का?

वसुधा गो.:
६४ वर बारा-तेरा टक्के इकडेतिकडे होईल. धारचे वेगळे दोनशे काढा, पण ते या चारशेत मिसळू नका, नाहीतर पूर्ण परतीचे टक्के धारकडे झुकतील.

अनघा:
आणि दर विसावी नको!