आधी इन्सुलिन की आधी पोटॅशियम? डीकेएच्या केसवरून झालेला वाद

निर्भीड_इंटर्न: डीकेए, म्हणजे डायबेटिक कीटोॲसिडोसिस, हा इन्सुलिनच्या अभावाचा आजार आहे, मग इन्सुलिनला उशीर कशासाठी? पोटॅशियमच्या अहवालाची वाट पाहणे म्हणजे वेळ दवडणे. आणि शर्करा २०० च्या आसपास आली की इन्सुलिनचे ड्रिप थांबवावे, नाहीतर रुग्ण हायपोग्लायसेमियात जाईल. केस मांडताना एवढे पुरते.

जुना_परीक्षक: ही दोन्ही विधाने मी तोंडी परीक्षेत इतक्या वेळा ऐकली आहेत, की आज सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही. ५० किलो वजनाची, एकोणीस वर्षांची एक मुलगी दोन दिवसांच्या उलट्या आणि पोटदुखी घेऊन आली. पोट दाबल्यावर दुखत होते, म्हणून आधी सर्जनला बोलावणे गेले; तिचा खोल आणि वेगवान श्वास मात्र कोणाच्या ध्यानात आला नाही. शर्करा ४८६, पीएच ७.०८, बायकार्बोनेट ७, सोडियम १३०, क्लोराइड ९८, म्हणजे अ‍ॅनायन गॅप २५. आणि पोटॅशियम ३.१.

आता या शेवटच्या आकड्याकडे पाहा. इन्सुलिनच्या अभावी पोटॅशियम पेशींबाहेर येऊन साठते, त्यामुळे अशा रुग्णांत ते बहुधा सामान्य किंवा वाढलेलेच दिसते. तरीही ते ३.१ भरत असेल, तर लघवी आणि उलट्यांवाटे शरीरातला साठा किती रिता झाला असेल याचा विचार करा. अशा वेळी इन्सुलिन सुरू केले, की उरलेले पोटॅशियम पेशींत शिरते आणि हृदयाची लय बिघडते. आम्ही पहिल्या तासात एक लिटर नॉर्मल सलाइन दिले, लघवी होत असल्याची खात्री केली आणि ईसीजी मॉनिटर लावून तासाला २० मिलिमोल पोटॅशियम क्लोराइड चालू केले. दोन तासांनी पोटॅशियम ३.६ झाले, तेव्हा तासाला ५ युनिट या गतीने इन्सुलिन सुरू केले. त्या दोन तासांत इन्सुलिनचा थेंबही न देता शर्करा ३९० वर आली होती, त्यामुळे वेळ दवडला गेला असे म्हणता येणार नाही.

निर्भीड_इंटर्न: आपण नेमकी ३.१ ची केस निवडलीत, हे सोयीचे झाले. बहुतेकांचे पोटॅशियम पाचच्या घरात असते.

जुना_परीक्षक: असते, पण ते अहवाल पाहिल्यावरच कळते. शिवाय ते पाचच्या खाली असेल, तर इन्सुलिनसोबत प्रत्येक लिटर सलाइनमध्ये पोटॅशियम घालावेच लागते, कारण पुढच्या काही तासांत ते उतरणारच असते.

धाकट्याची_ताई: मी डॉक्टर नाही, पण दुसऱ्या विधानाने जुनी जखम उघडली. माझ्या भावाला टाइप १ आहे. एका वॉर्डात त्याची शर्करा १८० झाल्याचे पाहून रात्री ड्रिप काढले आणि सकाळपर्यंत कोणतेही इन्सुलिन दिले नाही. पहाटे त्याला पुन्हा उलट्या सुरू झाल्या. ‘साखर तर नॉर्मल होती,’ एवढेच उत्तर आम्हाला मिळाले.

जुना_परीक्षक: ताई, ड्रिपमधल्या इन्सुलिनचा परिणाम काही मिनिटांतच ओसरतो. म्हणून दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन त्वचेखाली देऊन, त्यानंतर एक-दोन तासांनीच ड्रिप काढायचे असते. वरच्या मुलीचीही शर्करा सात तासांनी २१० झाली, पण तेव्हा सोडियम १३६, क्लोराइड १०७ आणि बायकार्बोनेट ११, म्हणजे गॅप अजून १८ होता. आम्ही पाच टक्के डेक्स्ट्रोज जोडले आणि इन्सुलिन निम्म्यावर आणले. बंद केले नाही.

पट्टीवाला: एवढे गॅपचे गणित कशाला? लघवीतले कीटोन पट्टीवर दर चार तासांनी पाहावेत; पट्टीचा रंग गेला की काम झाले.

जुना_परीक्षक: साफ चूक. पट्टीला अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट दिसते, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट दिसत नाही. उपचार लागू पडतात तसे दुसऱ्याचे पहिल्यात रूपांतर होते, त्यामुळे रुग्ण सुधारत असताना पट्टी अधिक गडद होऊ शकते.

पट्टीवाला: मग रक्तातले कीटोन मोजण्याची सोय नसेल तिथे काय करायचे? पट्टीवर निदान तरी होते की नाही?

जुना_परीक्षक: निदानाला आधार मिळतो, हे मान्य. सुधारणा मोजण्यासाठी मात्र ती नको.

रात्रपाळी: आणि गॅपही डोळे झाकून मोजू नये. भरपूर सलाइन दिल्यावर क्लोराइड चढते, गॅप भरून येतो, तरी बायकार्बोनेट १५-१६ वरच रेंगाळते. हा उरलेला कीटोॲसिडोसिस समजून एका रुग्णाचे ड्रिप मी आणखी एक दिवस चालवले होते. बायकार्बोनेट १८ झाल्याशिवाय ड्रिप काढायचे नाही, असा हट्ट धरणारे परीक्षक या बाबतीत काय म्हणतात?

जुना_परीक्षक: गॅप बंद, पीएच ७.३ च्या वर आणि रुग्ण जेवत असेल, तर मी ड्रिप काढतो. माझे सहपरीक्षक काढत नाहीत, आणि त्यावरून आमचे आजवर जमलेले नाही.

निर्भीड_इंटर्न: म्हणजे परीक्षकांतच एकमत नाही, आणि नापास मात्र आम्ही. असो, पोटॅशियमचा मुद्दा मागे घेतो. इन्सुलिनचा सुरुवातीचा बोलस मात्र देणारच.

रात्रपाळी: द्या, पण अहवाल आल्यावर.