बेरीज ९,२००, मार्केट कॅप ५,५००: हा ४० टक्के डिस्काउंट खरा का?

नवा_हिशोब: एका ग्रुपच्या मूळ कंपनीचा हिशोब मांडलाय. सिमेंट पूर्ण मालकीचं, एबिटडा म्हणजे व्याज, कर आणि घसारा जाण्याआधीचा नफा ४०० कोटी, आठपट धरून ३,२००. लिस्टेड सॉफ्टवेअर कंपनीत ५५ टक्के वाटा, बाजारभावाने ३,३००. फायनान्स कंपनी पूर्ण मालकीची, नेटवर्थ १,००० च्या दीडपट, १,५००. हॉटेलं, एबिटडा १०० च्या बारापट, १,२००. एकूण ९,२०० आणि मूळ कंपनीची मार्केट कॅप ५,५००. म्हणजे ४० टक्के स्वस्त. यात काही चुकतंय का, की डोळे झाकून घ्यावा?

सरळ_भाव: कर्ज कुठाय? एकत्रित ताळेबंद उघडा. मी ज्या ग्रुपचा अंदाज बांधतोय तोच असेल, तर ७,००० कोटींचं कर्ज आहे. ९,२०० मधून ७,००० गेले की उरले २,२००, आणि बाजार देतोय ५,५००. स्वस्त कसला, हा तर अडीचपट महाग आहे.

नवा_हिशोब: ग्रुप तोच. आकडा बघितला, ७,००० च आहे. घाबरलो.

ताळेबंद: घाबरू नका. कर्ज वजा करायला हवं हे बरोबर, पण सगळं नाही. या ७,००० पैकी ५,९०० फायनान्स कंपनीचं आहे. कर्जाऊ पैसा हा तिचा कच्चा माल. तिने वाटलेल्या कर्जांसकट सगळ्या मालमत्तेतून हे देणं वजा केल्यावर जे उरतं ती नेटवर्थ, आणि तुम्ही तिची किंमत नेटवर्थवरूनच काढलीय. तेच कर्ज परत वजा केलंत तर एकच गोष्ट दोनदा कापली जाते.

उरले १,१००. त्यातले २०० हॉटेल कंपनीचे, ९०० मूळ कंपनीचे, आणि सिमेंट तिच्यातच आहे. हॉटेलांचा एबिटडा तुम्ही पूर्ण धरलाय, पण ग्रुपचा तिथे वाटा ६० टक्केच आहे. आधी १,२०० मधून त्यांचं कर्ज काढा, १,००० उरले, त्याचे ६० टक्के म्हणजे ६००. क्रम उलटा करू नका, कारण हॉटेलांच्या कर्जाचा ४० टक्के भार बाहेरच्या भागधारकांवरही आहे. सॉफ्टवेअरला ही भानगड नाही, तिथे बाजाराने कर्ज-रोकड आधीच धरलेली असते.

आता सर्वात जास्त विसरली जाणारी ओळ. सेगमेंट रिपोर्टच्या तळाशी जा. चारही धंद्यांच्या नफ्यानंतर एक बारकी ओळ असते, ‘अनअलोकेटेड खर्च’. इथे ती वर्षाला ८० कोटी आहे. संचालकांचे पगार, मुख्य कार्यालय, विमान, सल्लागार, सगळं त्यात. कुठल्याच धंद्याच्या एबिटडात हा खर्च नाही, म्हणून तुमच्या बेरजेत तो अस्तित्वातच नाही. पण तो दरवर्षी होणार. कर जाता ६० धरा, दहापट करा, ६०० कोटी.

९,२०० मधून हॉटेलांचे ६००, कर्जाचे ९०० आणि मुख्य कार्यालयाचे ६०० गेले. राहिले ७,१००. ५,५०० शी ताडून बघितलं तर डिस्काउंट साडेबावीस टक्के. तुमचे ४० बऱ्याच अंशी बेरजेतल्या चुकांचे होते.

सरळ_भाव: फायनान्सचं मान्य, माझं चुकलं. पण मग होल्डिंग कंपनीला सरसकट ४० ते ५० टक्के कापायचे असतात, ते अजून कापा की. ७,१०० चे निम्मे ३,५५०. महागच ठरतो.

ताळेबंद: नाही. डिस्काउंट ज्या कारणांसाठी कापायचा, त्यातला मुख्य कार्यालयाचा खर्च मी आत्ताच आकड्याने वजा केला. पुन्हा टक्क्याने कापला तर तोच खर्च दोनदा. शिवाय सिमेंट मूळ कंपनीच्या थेट मालकीचं आहे, त्याची रोकड थेट हातात येते, त्याला कशाला कापायचं? कापायचं तर लिस्टेड वाट्यावर, आणि कारण सांगून. उदाहरणार्थ कर. सॉफ्टवेअरचा वाटा जुना आहे, खरेदी किंमत १००. उद्या विकला तर ३,२०० चा नफा, साडेबारा टक्के कर धरला तर ४०० गेले. मग ७,१०० चे ६,७०० होतात आणि डिस्काउंट १८ टक्क्यांवर येतो. पण कधी विकलाच नाही, किंवा करमुक्त डीमर्जरने भागधारकांना वाटला, तर हा कर लागत नाही. म्हणून मी दोन्ही आकडे समोर ठेवतो.

जुना_भागधारक: आकडे काहीही म्हणोत, माझा अनुभव ऐका. अशीच एक मूळ कंपनी ३५ टक्के डिस्काउंटने घेतली होती. १०० ची मालमत्ता ६५ ला. तीन वर्षांत मालमत्ता १४० वर गेली, माझा अंदाज अचूक ठरला. पण तेवढ्यात डिस्काउंट ५० टक्के झाला. शेअर ७०. तीन वर्षांत पावणेआठ टक्के मिळाले. ज्या उपकंपनीमुळे मालमत्ता वाढली, तिचेच शेअर घेतले असते तर बरं झालं असतं.

ताळेबंद: डिस्काउंट ३५ वरच राहिला असता तर तुम्हालाही ४० टक्केच मिळाले असते, वर लाभांशाचा उतारा थोडा जास्त. म्हणून तो मिटेल या आशेवर घेऊ नये, मालमत्ता वाढेल म्हणून घ्यावा. दक्षिण आफ्रिकेच्या नॅस्पर्सने २००१ मध्ये चीनच्या टेन्सेंटमध्ये वाटा घेतला. पुढे वर्षानुवर्षं नॅस्पर्सची मार्केट कॅप त्या एका वाट्याच्या किमतीपेक्षाही कमी होती. २०१९ मध्ये तो वाटा असलेली प्रोसस ही कंपनी वेगळी करून ॲमस्टरडॅमला लिस्ट केली, तरी दरी बुजली नाही. ती कमी व्हायला लागली २०२२ च्या जूननंतर, जेव्हा टेन्सेंटचे शेअर थोडे थोडे विकून त्या पैशातून स्वतःच्याच शेअरचा बायबॅक सुरू केला. पूर्ण भावाने विकायचं आणि स्वतःचं सवलतीत घ्यायचं, म्हणजे उरलेल्या प्रत्येक शेअरमागची मालमत्ता वाढते. नुसती रचना बदलून ते झालं नव्हतं.

मोकळा_विचार: मला तुमचं उरलेलं १८ ते २२ टक्क्यांचं उत्तर अजून मिळालेलं नाही. खर्च वजा केला, कर्ज वजा केलं, कर धरला, मग बाजार आणखी का कापतोय? माझ्या मते बाजार आजच्या मालमत्तेवर नाही, उद्याच्या रोकडीवर शंका घेतोय. सिमेंटची रोकड कुठे जाते ते बघा. लाभांश म्हणून भागधारकांना मिळत असेल तर डिस्काउंट नको. मालकाच्या आवडीच्या धंद्यात जात असेल तर १८ टक्केही कमीच.

ताळेबंद: ते मी मानत नाही. वाईट गुंतवणुकीची किंमत हॉटेलांच्या आजच्या मूल्यांकनात येऊन गेलीय, सहाशेच धरलेत.

मोकळा_विचार: झालेल्या चुकीची किंमत आली. पुढच्या चुकीची कुठे आलीय?

नवा_हिशोब: मागच्या पाच वर्षांचे रोकड प्रवाह बघून आलो. मूळ कंपनीने हॉटेलांत ९०० कोटी घातलेत. म्हणजे मूळ कंपनीच्या डोक्यावर जेवढं कर्ज तेवढेच. आणि तो वाटा आज ६०० चा.

मोकळा_विचार: शंभरातले सदुसष्ट उरले. आता पुढच्या वर्षी तिथे आणखी किती घालणार, याचा ठराव आहे का ते शोधा.

नवा_हिशोब: आहे. आणखी ४००.

ताळेबंद: मग त्याच हिशोबाने यातले १३० जातील. ७,१०० मध्ये ते दोन टक्क्यांनाही कमी पडतात. बावीसचं पूर्ण उत्तर यात नाही.

मोकळा_विचार: एका वर्षाचे. बाजार असली किती वर्षं मोजतोय, ते तुम्ही सांगा.