४ वजीर: मागे नेमकं किती फिरायचं?

४×४ पटावर चार वजीर एकमेकांना न मारता, एका ओळीत एक असे बॅकट्रॅकिंगने बसवताना हा प्रश्न येतो: "तिसऱ्या ओळीत वजीर बसतच नाही, मग पहिला हलवायचा ना?"

नाही, आधी दुसरा. पहिला वजीर स्तंभ १ मध्ये आणि दुसरा ३ मध्ये असला की तिसरी ओळ पूर्ण अडते. एकच पायरी मागे या, दुसरा ४ मध्ये न्या. तिसरा २ मध्ये बसतो, पण चौथ्याला जागा उरत नाही. तिसऱ्यासाठी ३ आणि ४ हे स्तंभही चालत नाहीत, दुसऱ्याचेही पर्याय संपले; तेव्हा कुठे पहिला २ मध्ये जातो. मग ४, १, ३ मागे न फिरता बसतात.

दुसरा ४ मध्ये नेण्याची ही फांदी गाळली तरी उत्तर (२, ४, १, ३) बरोबरच येतं, म्हणून चूक कळत नाही. पण स्टेट स्पेस ट्री अपुरा राहतो आणि गुण तिथेच जातात.

`x[j]` म्हणजे j ओळीतल्या वजिराचा स्तंभ. कर्ण तपासताना दोन्ही बाजूंना `abs` हवंच, नाहीतर एका किंवा दोन्ही दिशांचे कर्ण सुटतात:

```
abs(x[j]-x[k]) == abs(j-k)
```